एकाच कपात की सगळ्या कपांत?

‘यार, ही कॉफी कशीतरीच लागतेय.’

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी म्हटलं असेल. आता यातला ‘कशीतरीच’ हा शब्द मोठा लबाड आहे. त्यात सगळं येतं आणि नेमकं काहीच कळत नाही. मग पुढे काय होतं? आपण दोन चमचे साखर ढकलतो, दूध ओततो आणि विषय संपवतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, ‘आपल्याला बुवा ब्लॅक कॉफी झेपत नाही’ असा स्वतःबद्दलच निकाल देऊन टाकतो. चार-पाचशे रुपयांचं पाकीट फ्रीजवर पडून राहतं आणि दोष कुणाचा, तर आपल्या जिभेचा!

पण मंडळी, दरवेळी जीभ दोषी नसते. कॉफीत खरोखरच काहीतरी बिघडलेलं असू शकतं, आणि त्या बिघाडाला नाव असतं. ‘कशीतरीच’ लागणाऱ्या कॉफीच्या बहुतेक तक्रारी चार शब्दांत बसतात. आंबलेली, म्हणजे व्हिनेगर किंवा सडलेल्या फळासारखी. कागदी, म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासारखी. राखेसारखी, म्हणजे विझलेल्या सिगरेटची आठवण करून देणारी. आणि गवताळ, म्हणजे पेंढा, कच्चे शेंगदाणे किंवा नुकत्याच कापलेल्या लॉनसारखी.

गंमत म्हणजे या चारही चवींना आपापला पत्ता असतो. कॉफी आपल्या कपात येईपर्यंत तीन हातांतून जाते. पहिला मळेवाल्याचा, दुसरा भाजणाऱ्याचा म्हणजे रोस्टरचा आणि तिसरा आपला स्वतःचा. चूक यातल्या कुठल्या हातात झाली, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं. नाहीतर गुन्हा एकाचा आणि शिक्षा भलत्यालाच! पत्ता शोधायला महागडं मशीन लागत नाही. तीन कप, एक वजनकाटा आणि एक प्रश्न पुरतो : ही घाण चव एकाच कपात आहे की सगळ्या कपांत?

पाच कपांचा फंडा

हा प्रश्न माझा नाही. कॉफी चाखणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांचा आहे. कॉफीच्या एखाद्या लॉटची परीक्षा करताना हे लोक एकच कप बनवत नाहीत, पाच बनवतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, पाचही कपांसाठी बिया वेगवेगळ्या मोजतात आणि वेगवेगळ्या दळतात. मोठा ढीग एकदम दळून पाच कपांत वाटला, तर सगळी गंमतच निघून जाईल.

का ते बघा. एका कपाला साधारण अकरा ग्रॅम बिया लागतात, म्हणजे ढोबळमानाने पंच्याहत्तर-ऐंशी दाणे. त्यातला एखादाच दाणा सडका निघाला तरी तो अख्खा कप नासवू शकतो. पण त्याच्या शेजारचा कप अगदी स्वच्छ लागेल, कारण त्यात तो दाणा नाहीच. म्हणजे दोष एका कपात सापडला, तर तो एखाद्या चुकार बीचा. पाचही कपांत सारखाच सापडला, तर तो सगळ्या बियांवर झालेल्या एखाद्या गोष्टीचा. ती गोष्ट मळ्यावरच्या टाकीत झाली असेल, गोदामात किंवा भाजणीच्या ड्रममध्ये. आणि पाचांतल्या एकाही कपात सापडला नाही, पण तुमच्या रोजच्या कपात मात्र येतोय, तर? तर मग सॉरी बॉस, आपल्याच किचनमध्ये शोधायला हवं.

घरी पाच कप मांडायची गरज नाही, तीन पुरतात. अकरा-अकरा ग्रॅमच्या तीन वाट्या बिया मोजा. प्रत्येक वाटी वेगळी दळा आणि मधल्या वेळात ग्राइंडर कोरड्या ब्रशने झटकून घ्या. मिक्सरच्या छोट्या भांड्यातही चालतं, फक्त थांबत थांबत फिरवा. जाडसर रव्याइतकं दळण हवं. एकसारखे तीन कप किंवा काचेचे ग्लास घ्या. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा आणि प्रत्येकात दोनशे मिलिलिटर ओता. गाळणं नाही, कागद नाही, दूध नाही, साखर नाही. पाकीट चिकोरीवालं नको, कारण चिकोरीची स्वतःची कडू-जळकी चव मध्ये लुडबुड करते.

चार मिनिटांनी वर जो पुडीचा थर जमलेला असतो, तो चमच्याने हलकेच मागे सारा आणि नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या. पहिली खबर इथेच मिळते. मग वरचा फेस काढून टाका आणि चक्क थांबा. वाफाळती कॉफी चाखून काही कळत नाही, जीभ तेवढी भाजते. साधारण दहा मिनिटांनी चमच्याने भुरका मारत चाखा. आई बघत असेल तर ओरडेल, पण आवाज करत भुरका मारणं हीच यातली शास्त्रशुद्ध पद्धत आहे. एका कपातून दुसऱ्या कपात जाताना चमचा गरम पाण्यात बुडवा, म्हणजे एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही. आणि कप कोमट होईपर्यंत परत परत चाखा. चांगली कॉफी निवताना गोड होत जाते आणि बिघडलेली निवताना जास्तच उघडी पडते.

एक पाकीट, तीन गुन्हेगार

आता एक खरीखुरी केस सांगतो. आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीने अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट आणलं. चिकमगळूरची अरेबिका, धुतलेली, हलकी भाजलेली. रोस्टरचं नाव सांगत नाही, मुद्दा नावाचा नाही. तिच्या घरी कोनासारखा फिल्टर आहे, त्यात कागद लावून ती वरून पाणी ओतते. आठवड्याभराने ती माझ्या डेस्कवर पाकीट ठेवून म्हणाली, ‘अरे, रोज पुठ्ठा प्यायल्यासारखं वाटतं. आणि एक दिवस तर सरळ दारूसारखा वास आला. तू घेऊन जा, मी परत इन्स्टंटवर.’

रविवारी सकाळी मी तीन कप मांडले. आणि त्या एका पाकिटात एक नाही, तीन वेगवेगळे गुन्हेगार निघाले.

पहिला, पुठ्ठा. तीनही कपांत तो नव्हताच! म्हणजे बिया निर्दोष. मग तिच्याकडचा कागद मागवला आणि कॉफी न घालता, नुसतं गरम पाणी त्यातून गाळून एका ग्लासात घेतलं. शेजारी तेच पाणी, न गाळलेलं. दोन्ही चाखून बघितल्यावर काही सांगायची गरजच उरली नाही. गाळलेल्या पाण्याला ओल्या पुठ्ठ्याची स्पष्ट चव होती. तिचे कागद तपकिरी, म्हणजे ब्लीच न केलेले होते. पांढऱ्यांपेक्षा यांची चव जास्त उतरते. उपाय अगदी फुकटचा आहे. कॉफी घालण्याआधी कागदावरून एक-दीड कप कडकडीत पाणी ओतायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. फिल्टर गरम होतो, हा वरचा बोनस.

दुसरा, गवत. हा मात्र तीनही कपांत सारखाच होता. पूड फोडतानाच पेंढ्याचा वास आला आणि निवल्यावर कच्च्या शेंगदाण्याच्या सालासारखी तुरट, कोरडी चव जिभेवर राहिली. म्हणजे मामला एखाद्या बीचा दिसत नव्हता. तरी खात्री करायला हवी, कारण गवताळपणाला दोन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा मळ्यातला. कॉफीचं फळ लालबुंद पिकल्यावर तोडायचं असतं. पण एका फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळं एकाच वेळी असतात आणि तोडणी हाताने होते. घाईत काही कच्ची फळं टोपलीत जातातच. कच्च्या बीत साखर कमी, म्हणून भाजताना बाकीच्या तपकिरी झाल्या तरी ती फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचीच राहते. धंद्यात तिला ‘क्वेकर’ म्हणतात. क्वेकर दळून प्यायलात तर शेंगदाणे, कोरडी लाही आणि थोडा कागद अशी चव येते. तो ओळखायला सगळ्यात सोपा. भाजलेल्या बिया पांढऱ्या ताटात पसरा, फिकट दाणे लगेच डोळ्यात भरतात.

मी पसरल्या. तेहतीस ग्रॅममध्ये चार क्वेकर मिळाले. ते वेचून काढले आणि उरलेल्या बियांचे पुन्हा कप केले. गवत जसंच्या तसं! म्हणजे पहिला दरवाजा बंद. आता दुसरा, भाजणीचा.

भाजणीत काय होतं ते थोडक्यात सांगतो. हिरव्या बीला सुरुवातीला खरोखरच गवताचा वास असतो. ड्रममध्ये ती तापते, आतलं पाणी उडायला लागतं आणि ती पिवळी पडते. तेव्हा वास पेंढ्याचा, मग पावाच्या टोस्टसारखा होतो. मग ती तपकिरी होत जाते आणि दोनशे अंशांच्या आसपास लाहीसारखी फुटते, चक्क आवाज येतो. त्याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. हलकी भाजलेली कॉफीही साधारण या टप्प्यातून पार जाऊन थोडी पुढे जावी लागते. रोस्टरने त्याआधीच किंवा त्याच क्षणी बी बाहेर काढली, तर पेंढ्याचा टप्पा कपात शिल्लक राहतो. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. आच सुरुवातीला एकदम मोठी ठेवली की बाहेरचा रंग झटक्यात छान येतो, पण आत बी कच्चीच राहते. गॅस मोठा करून तळलेल्या वड्यासारखं. वरून खरपूस, आत पीठ.

याची परीक्षाही घरच्या घरी होते. एक बी अंगठ्याने फोडायचा प्रयत्न करा. नीट भाजलेली बी कुरकुरीत तुटते. अर्धकच्ची बी चिवट असते आणि फोडायला जोर लागतो. मग दळलेल्या पुडीचा रंग आख्ख्या बीच्या रंगाशी ताडून बघा. आत-बाहेर भाजणीत थोडा फरक असतोच, पण पूड बीपेक्षा खूपच फिकट दिसली तर आतपर्यंत आच पोचली नाही असं समजा. मैत्रिणीच्या पाकिटातली बी मला दातांनी फोडावी लागली आणि पूड चांगलीच फिकट होती. म्हणजे पत्ता मिळाला : रोस्टर. मळ्याने दिलेला माल ठीक होता, पण तो आतपर्यंत शिजलाच नाही.

याला घरी उपाय आहे का? प्रामाणिक उत्तर, नाही. अधिक बारीक दळलं, अधिक गरम पाणी वापरलं तर चव थोडी भरते, पण गवत जात नाही. कच्ची पोळी कितीही तूप लावून वाढली तरी कच्चीच.

तिसरा, दारू. हा फक्त एका कपात होता. पहिले दोन स्वच्छ (पेंढा सोडून) आणि तिसऱ्यात पूड सारताच सडक्या फळाचा, व्हिनेगरचा भपकारा! चाखल्यावर तर घशाशी कांद्यासारखं काहीतरी आलं. ‘एक दिवस दारूसारखा वास आला’ हे मैत्रिणीचं वाक्य आता तंतोतंत बसलं. रोज नाही, एकच दिवस. कारण त्या दिवशी तिच्या ग्राइंडरमध्ये तो एक दाणा गेला होता.

तो एक दाणा येतो कुठून?

यासाठी थोडं मळ्यावर जाऊ. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते. धुतलेल्या पद्धतीत फळं त्याच दिवशी मशीनमधून काढतात, वरचं साल निघतं आणि आतल्या बिया मोकळ्या होतात. पण त्यांच्या अंगावर चिकट, गोड गर तसाच राहतो. तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. म्हणून बिया टाकीत ठेवतात आणि यीस्ट आणि बॅक्टेरिया तो गर खाऊन मोकळा करतात. म्हणजे आंबवणं हा कॉफीतला दोष नाही, ती रोजची पायरीच आहे. इडलीचं पीठ आंबतं तसंच.

इडलीवाल्यांना पुढचं सांगायलाच नको. पीठ किती वेळात आंबेल हे घड्याळ ठरवत नाही, हवा ठरवते. कॉफीचंही तेच. अरेबिकाला साधारण एक ते दीड दिवस लागतो, थंडीत जास्त, उष्म्यात कमी. म्हणून मळ्यावरचा अनुभवी माणूस मूठभर बिया पाण्यात धुऊन चोळतो. बुळबुळीतपणा जाऊन खड्यांसारखा खरखरीत स्पर्श आणि आवाज आला, की टाकी लगेच धुवायची. तिथे काही तास उशीर झाला, तर गर संपल्यावर जीवाणू बीच्याच मागे लागतात. व्हिनेगरसारखी आम्लं आत मुरतात आणि ती भाजूनही पूर्ण जात नाहीत.

पण लक्षात घ्या, टाकीलाच उशीर झाला असता तर सगळी बॅच नासली असती आणि माझे तीनही कप घाण लागले असते. एकच कप बिघडला, म्हणजे गोष्ट वेगळी. झाडाखाली पडून सडलेलं एखादं फळ टोपलीत आलं असेल. नाहीतर टाकीच्या कोपऱ्यात, मशीनच्या फटीत कालच्या काही बिया अडकून राहिल्या असतील आणि आजच्या बॅचमध्ये मिसळल्या असतील. आज सगळ्या धुतल्या, पण त्या बिया दोन दिवस आंबल्या. म्हणूनच चांगल्या मळ्यावर रोज संध्याकाळी मशीन आणि टाक्या घासून धुतात. ते काम दिसायला क्षुल्लक, पण आपला सोमवारचा कप त्यावर अवलंबून असतो.

हिरव्या अवस्थेत अशा बिया बऱ्याचदा पिवळट, लालसर-तपकिरी दिसतात, म्हणून मळ्यावर आणि क्युअरिंग वर्क्समध्ये त्या वेचून काढतात. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या अनेक वर्षं वापरात असलेल्या ग्रेडिंगचा नियम किती कडक होता बघा. साडेतीनशे ग्रॅम हिरव्या बियांच्या नमुन्यात पूर्ण आंबलेली एक बी जरी सापडली, तरी तो माल स्पेशालिटी ग्रेडमधून बाद. पण काही बिया वरून अगदी सभ्य दिसतात आणि वेचणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. भाजल्यावर तर सगळ्याच तपकिरी! मग ती दळल्यावरच कळते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर उपाय एकच. तो कप ओता, दुसरा करा. आणि एका कपावरून अख्खं पाकीट फेकू नका. तीनातल्या तीनही कपांत व्हिनेगर आलं, तर मात्र खुशाल परत करा.

आता राख

मैत्रिणीच्या पाकिटात राख नव्हती. ती सापडली आमच्या ऑफिसच्या मशीनमध्ये. तिथली कॉफी पिऊन अर्ध्या फ्लोअरचं मत होतं की कंपनीने स्वस्तातल्या जळक्या बिया आणल्यात. मी पॅन्ट्रीतल्या दादांना विचारून मूठभर बिया घरी नेल्या आणि पुन्हा तेच, तीन कप. कडू होत्या, दणकट होत्या, पण राख नाही. डार्क चॉकलेटकडे झुकणारी साधी, प्रामाणिक डार्क रोस्ट. मग राख कुठली? मशीनची. कॉफीत तेल असतं. ते मशीनच्या आत, जाळीवर, नळीत थरावर थर बसत जातं, रोज तापतं आणि खवट-जळकं होतं. प्रत्येक नवा कप त्या जुन्या थरातून गाळून येतो. दादांनी मशीनची क्लीनिंग गोळी टाकून दोनदा सायकल चालवली, जाळी काढून घासली. दुसऱ्या दिवशी बिया त्याच, मशीन तेच आणि राख निम्म्याहून कमी. तीन दिवसांत जवळजवळ गायब.

राख तीनही कपांत सापडली, तर मात्र ती भाजणीची. फर्स्ट क्रॅकनंतर भाजत राहिलं, की पुढे दुसऱ्यांदा बारीक तडतड होते. त्याच्या फार पुढे गेलं की बीतली साखर जळते, बीचा सांगाडाच कोळशाकडे सरकतो आणि तेल बाहेर येऊन बी काळीकुळकुळीत, चकचकीत दिसते. अशी बी बघूनच ओळखता येते. दुसरा प्रकार बारकाईने बघावा लागतो. बी एकूण तपकिरीच असते, पण तिच्या टोकांवर किंवा सपाट बाजूवर काळे डाग दिसतात. म्हणजे ड्रम जास्त तापलेला होता आणि बी तिथे चटकली. तव्यावर पोळीला पडतात तसेच हे डाग.

भाजणीच्या राखेला मात्र घरी थोडा उतारा आहे. पाणी उकळतं न घेता पंच्याऐंशी ते नव्वद अंशांपर्यंत निवू द्या, म्हणजे उकळल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. दळण जरा जाड ठेवा. किंवा सरळ रात्रभर थंड पाण्यात भिजवून कोल्ड ब्रू करा. जळकेपणा पूर्ण जाणार नाही, पण टोचणं कमी होईल. आणि हो, अशी कॉफी दुधात खपून जाते. त्यात कमीपणा काही नाही.

कागद परत आला तर?

पुठ्ठ्याची एक दुसरी गोष्टही सांगायला हवी. समजा, कागद नीट धुतला, तरी पुठ्ठा येतोय. किंवा फिल्टर न वापरता केलेल्या तीनही कपांत तो आहे. मग मामला वयाचा आहे. इथेही दोन शक्यता. एक म्हणजे भाजून फार दिवस झाले आणि पाकीट उघडं राहिलं. हवेने सुगंध उडाला आणि तेल शिळं झालं. यासाठी पाकिटावरची भाजणीची तारीख बघा. दुसरी म्हणजे भाजणी ताजी, पण हिरवी बीच जुनी. हिवाळ्यात तोडलेला माल पावसाळाभर गोदामात राहिला आणि नीट बंद नसेल, तर दमट हवा त्याला गाठते. आधी आंबटगोडपणा मावळतो, मग कागद येतो, पुढे लाकूड आणि गोणपाट. या केसमध्ये भाजणीची तारीख कालची असली तरी काही उपयोग नाही. म्हणून चांगले रोस्टर पाकिटावर तोडणीचा हंगामही छापतात. तो छापलेला नसेल तर बिनधास्त विचारा.

आता यात एक गोड भानगड आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हीच दमट हवा मुद्दाम बियांना दिली जाते! मान्सून्ड मलबार नावाची कॉफी तीच. मंगळूरच्या बाजूला उघड्या गोदामांत बिया पसरून पावसाळी वाऱ्यात महिनोन्‌महिने ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या होतात, आंबटपणा जवळजवळ जातो आणि मातकट-लाकडी, जाड चव येते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाताना मालाचं असंच व्हायचं आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर प्रवास छोटा झाला, मग तो परिणाम किनाऱ्यावरच घडवायची पद्धत बसली. मग हा दोष की शैली? फरक एवढाच की इथे पाकिटावर तसं लिहिलेलं असतं आणि तुम्ही तेच विकत घेतलेलं असतं.

आंबलेल्या चवीचंही हल्ली असंच झालंय. अख्ख्या फळासकट वाळवलेली ‘नॅचरल’ किंवा हवाबंद टाकीत मुद्दाम आंबवलेली ‘अॅनारोबिक’ कॉफी मिळते. त्यात वाइन, फणस, पिकलेलं केळं असलं काहीतरी लागतं आणि ते लागावं हीच अपेक्षा असते. मग चूक कशी ओळखायची? आपला प्रश्न इथेही कामाला येतो. मुद्दाम केलेली चव तीनही कपांत सारखी असते, फळासारखी असते, आणि निवताना तिच्यात गोडवा राहतो. चुकून झालेली बहुधा एकाच कपात उसळते किंवा निवताना व्हिनेगर आणि कांद्याकडे जाते. तरीही, अॅनारोबिक तुम्हाला आवडलंच पाहिजे असा कायदा नाही. ‘दोष नाही, पण मला नको’ हेही एक पूर्ण उत्तर आहे.

मैत्रिणीने शेवटी रोस्टरला ईमेल टाकली. त्यात ‘कॉफी कशीतरीच लागते’ असं नव्हतं. तिने लिहिलं : गाळणं न वापरता तीन कप केले, तीनही कपांत पेंढा; क्वेकर काढले तरी तसाच; बी चिवट, पूड फिकट; भाजणीची अमुक तारीख. दोन दिवसांत उत्तर आलं. त्या तारखेची बॅच त्यांनी परत चाखली होती, भाजणी लवकर उतरवली गेली हे मान्य केलं आणि नवं पाकीट पाठवलं. नव्या पाकिटात मळा तोच होता, हंगाम तोच होता. कपात संत्र्याच्या सालाचा हलका वास आणि गुळासारखा गोडवा होता.

त्या मळेवाल्याचं नाव पाकिटावर ठळक छापलेलं होतं. पेंढा मात्र त्याचा नव्हता.